कँटीनमधल्या त्या गोष्टीबद्दल

ही गोष्ट मी काही वर्षं टाळत आलो. टाळणं अवघड नव्हतं, कारण आमच्या घरात ती आधीच सांगितली जायची आणि अशा रीतीनं सांगितली जायची की ऐकणाऱ्याला मी फार धीट माणूस वाटावा. पाहुणे आले, जेवणं झाली, की सूनबाई म्हणायची, "बाबांनी त्या मोठ्या साहेबांना कँटीनमध्ये कसं गाठलं ते सांगा ना!" मग मुलगाच सांगायचा. मी सुपारी कातरत बसायचो आणि हसायचो. ते हसणं आता पुरे झालं.

मी मूळचा सोलापूरचा. रेल्वेच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी चेन्नईला आलो तो इथलाच झालो. निवृत्तीनंतर आम्ही अंबत्तूरला राहायला आलो, कारण मुलानं तिथल्या औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप काढलं होतं. दोन सीएनसी लेथ, एक ड्रिलिंग मशीन, हाताशी पाच-सहा माणसं. पाण्याच्या पंपांना लागणारे शाफ्ट आणि त्यांच्याभोवती बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या, म्हणजे बुश, तो करायचा. चांगलं चाललं होतं. पण जवळपास सगळं काम एकाच गिऱ्हाइकाचं होतं आणि करोना ओसरल्यावर त्या गिऱ्हाइकानं आपला कारखाना कोइमतूरकडे हलवला. वर्कशॉप एकदम शांत झालं. मुलगा रोज वेळेवर जायचा, मशीन पुसायचा आणि परत यायचा. जेवताना भात चिवडत बसायचा. दुसरं मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही तर एक लेथ विकायचा, आणि मग दुसराही, हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. सुनेनं आमच्या हिला सांगितलं आणि हिनं मला.

शहरात पंप बनवणारी एक मोठी कंपनी आहे. तिच्या खरेदी विभागाला मुलानं कितीतरी मेल पाठवले. एकाचंही उत्तर नाही. फाटकावरच्या माणसानं माहितीपत्रक ठेवून घेतलं, एवढंच. त्या कंपनीच्या खरेदीचे उपाध्यक्ष कोण, हे मुलाला नुसतं नावानं माहीत होतं.

आणि त्या उपाध्यक्षांना राव ओळखत होते.

राव म्हणजे माझे मैलापूरचे स्नेही. तंजावरकडची जुनी मराठी माणसं इथं सगळी 'राव'च म्हणवली जातात, म्हणून मीही त्यांना तेच म्हणायचो. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, विधुर, मुला-सुनेजवळ राहणारे. आमची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीतली. आरती झाल्यावर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुम्ही बोलतां ती मराठी आम्हांस वर्तमानपत्रासारखी वाटते." मी म्हटलं, "आणि तुमची मला बखरीसारखी." त्यावर ते इतके हसले की प्रसादाची वाटी सांडली. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी मी ट्रेन बदलून मैलापूरला जायचो, आणि ते मला एक मराठी शब्द शिकवायचे, जो मी माझ्या आजीकडूनही कधी ऐकलेला नसायचा.

रावांना गाण्याचं वेड. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरात, इथल्या संगीतसभांमध्ये महिनाभर गाण्याचे कार्यक्रम असतात. एका सभेत रावांची पूर्ण हंगामाची खुर्ची ठरलेली होती आणि तिच्या शेजारची खुर्ची या उपाध्यक्षांची. कितीतरी हंगाम दोघं शेजारी शेजारी बसत आले होते. एकदा बोलता बोलता ते म्हणाले होते, "पहिल्या वर्षीं मी त्यांस विचारिलें, आपण काय करतां? ते म्हणाले, इथें मी ऐकतो. संपलें! चौथ्या वर्षीं कळलें ते कोण आहेत तें. तेंही दुसऱ्याकडून." त्या दोघांत कामाचं बोलणं कधी नसायचं. राग, ताल, कोणाचा आवाज बसला, आणि सभेच्या कँटीनमधला यंदाचा वडा मागच्या वर्षीपेक्षा बरा की वाईट.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी एका नोव्हेंबरात मी त्यांच्याकडे गेलो आणि मुलाची अडचण सांगितली. "तुम्ही एक शब्द टाका," मी म्हटलं.

राव म्हणाले, "शब्द टाकणें म्हणजे काय? मी काय सांगूं त्यांस? तुमच्या मुलाचें काम मी पाहिलें आहे काय?"

"चांगलं काम करतो हो."

"बाप म्हणतो. तें धरूं नये." आणि हसले. "रागावूं नका. मी येतों. पाहतों. मग सांगतों, विचारूं की नको."

ते खरंच आले. ऊन असताना छत्री घेऊन, अंबत्तूर स्टेशनपासून रिक्षानं. मुलानं त्यांना मशीन दाखवली, माप घ्यायचा व्हर्नियर हातात दिला, तयार बुश दाखवले. राव मान डोलवत होते, पण त्यांना काही कळत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "बाळ, परत आलेला माल आहे काय? कोणी नापसंत केलेला?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी डोळ्यांनी 'नाही म्हण' असं सुचवलं. पण तो आतल्या फडताळाकडे गेला आणि एक खोकं घेऊन आला. त्यातला एकेक नग काढून तो सांगत गेला: याचं भोक थोडं मोठं झालं, हा घासताना तडकला, हा आमची चूक नव्हती पण आम्ही बदलून दिला. राव तन्मय होऊन ऐकत होते. जणू एखादी चीज चालली आहे.

परतताना रिक्षात बसण्याआधी ते मला म्हणाले, "आतां मी त्यांस विचारीन. पण ऐका. आधीं फक्त विचारणार. ते हो म्हणाले तर दोघांस एका मेलमध्यें जोडून देईन. नाही म्हणाले तर तुम्हांस कळवीन, आणि पुन्हां हा विषय नाही. चालेल?"

"चालेल की."

"आणि तुम्ही मला थोडकें लिहून द्या. मी जसेंच्या तसें पुढें धाडीन असें. तुमचा मुलगा काय करतो, कोणासाठीं केलें, आणि त्यांच्याकडून नेमकें काय हवें. एवढेंच."

मी दीड पान लिहिलं. सुरुवात माझ्या रेल्वेतल्या सेवेपासून केली होती. मुलाच्या इंजिनीअरिंगमधल्या पहिल्या वर्गाचा उल्लेख होता, आणि शेवटी 'आपल्या कृपादृष्टीची अपेक्षा'. रावांनी फोनवर ते सगळं ऐकून घेतलं.

"तुमची रेल्वे काढली," ते म्हणाले.

"पूर्ण?"

"पूर्ण. कृपादृष्टी पण काढली. ते काय देव आहेत? अहो, हवें काय तुम्हांस?"

"ऑर्डर."

"ती ते देणार नाहीत. एवढा मोठा मनुष्य बुशाची ऑर्डर देतो काय? हाताखालीं लोक आहेत. सॅम्पल कोणाकडे द्यावें तें त्यांनी सांगावें, एवढेंच मागा. तें देणें त्यांस सोपें, नाही म्हणणेंही सोपें."

शेवटी सहा-सात ओळी उरल्या. त्यांच्यावर रावांनी स्वतःचं काहीतरी इंग्रजीत लिहिलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी मेल धाडला. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. "वाचलें म्हणाले. जानेवारींत बोलूं म्हणाले. हंगाम संपूं द्या. आतां थांबा."

खरं तर होकार तिथंच मिळाला होता. रावांना तो कळला होता. मला कळला नाही.

माझी सारी नोकरी रेल्वेत गेली होती. तिथं मी एक गोष्ट शिकलो होतो: 'बघतो' म्हणालेल्या साहेबाच्या टेबलावरची फाइल तिथंच झोपते. ती हलवायची तर आपण जाऊन तिच्याशेजारी उभं राहावं लागतं. चेहरा दाखवावा लागतो. 'साहेब, ते माझं...' असं म्हणावं लागतं. मी माझ्या बदल्या अशाच अडवल्या होत्या, क्वार्टर असंच मिळवलं होतं. जानेवारी म्हणजे नकार, असंच माझ्या कानांना ऐकू आलं. इकडे मुलानं एक लेथ बघायला माणूस बोलावला होता.

मग डिसेंबरातल्या एका संध्याकाळी हिला मैलापूरच्या देवळात जातो म्हणून सांगितलं आणि मी सभेत गेलो. स्वस्तातलं, मागचं तिकीट. राव पुढच्या बाजूला होते. त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं आणि शेजारी एक उंच, सावळे, खादीचा सदरा घातलेले गृहस्थ. गायिका फार छान गात होती म्हणे. मला एक अक्षर आठवत नाही. मृदंगवाल्याची एकट्याची पाळी सुरू झाली की इथं अर्धी सभा उठून कँटीनकडे जाते. मृदंगवाल्यांना त्याचा राग येतो, पण चाल तशीच आहे. राव कधी उठत नसत. ते मांडीवर ताल धरून बसत. उपाध्यक्ष उठले. मी त्यांच्यामागं गेलो.

ते केळीच्या पानाच्या तुकड्यावर वडा घेऊन उभे होते. मी जाऊन नमस्कार केला. इंग्रजीत म्हणालो की मी रावांचा मित्र, माझ्या मुलाचं अंबत्तूरला वर्कशॉप आहे, आपल्याला मेल आलाच असेल. आणि खिशातून एक बुश काढला. होय, मी बुश नेला होता. रुमालात गुंडाळून.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. जे होतं त्यापेक्षा राग बरा. ते म्हणाले, "आपला मेल माझ्याकडे आहे. मी तुमच्या मित्राला सांगितलं होतं, जानेवारीत." मग बुशाकडे बघून म्हणाले, "हा ठेवून घ्या, तेल लागलंय." त्यांनी वडा तसाच पानावर ठेवला, हात धुतले आणि हॉलमध्ये गेले नाहीत. सरळ फाटकाकडे गेले.

मी घरी आलो आणि सांगितलं, "भेटलो! सरळ भेटलो त्यांना. मेल आहे म्हणाले. जानेवारीत करतो म्हणाले." मुलगा जेवताना पहिल्यांदा हसला. ती गोष्ट त्याच रात्री तयार झाली. तेव्हापासून तिच्यात फक्त शोभा वाढत गेली. शेवटी शेवटी तर त्यात उपाध्यक्ष बुश हातात घेऊन दिव्याकडे धरून पाहायचे.

दोन दिवसांनी रावांचा फोन आला. "तुम्ही सभेस गेलां होतां म्हणे."

"हो... म्हटलं, सहज."

"हूं." आणि मग, "गाणें कसें वाटलें?"

"छान."

"छान होतें," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

जानेवारीत त्यांनी बोलल्याप्रमाणे मेलमध्ये दोन्ही बाजू जोडून दिल्या. उपाध्यक्षांनी एका ओळीत आपल्या व्हेंडर विभागाच्या मॅनेजरचं नाव कळवलं आणि स्वतः बाजूला झाले. मग जे व्हायचं ते रीतसर झालं. मॅनेजर वर्कशॉप बघायला आला, कागदपत्रं झाली, सॅम्पल गेली. पहिली सॅम्पल नापास झाली. दुसरी पास झाली. छोटी ऑर्डर मिळाली, मग नेहमीची. लेथ बघायला आलेल्या माणसाला मुलानं चहा पाजून परत पाठवलं. आज तिथं चार लेथ आहेत आणि माझा मुलगा परत नीट जेवतो. एवढ्यासाठी मी समाधानी आहे, हे नाकारत नाही.

पण ऑर्डर माझ्या कँटीनमुळे मिळाली नव्हती. तो मॅनेजर पुढं मुलाचा चांगला ओळखीचा झाला. एकदा घरी आला असताना त्यानं मला सांगितलं, "आमच्या साहेबांकडे ओळखीचे मेल रोज येतात. सगळ्यात लिहिलेलं असतं, उत्तम माणूस, उत्तम माल. तुमच्या त्या मित्रानं लिहिलं होतं, मला यंत्रातलं कळत नाही, म्हणून नापास झालेला माल मागितला आणि मुलानं न लपवता तो दाखवला, एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो. साहेबांनी तो मेल आला त्याच दिवशी मला पुढे पाठवला होता. जानेवारीत बघ म्हणून."

म्हणजे मी रुमालात बुश गुंडाळून निघालो, त्याच्या कितीतरी आधी. हे कळल्यावरही घरची गोष्ट मी दुरुस्त केली नाही.

नवीन शेड बांधलं तेव्हा पूजा केली. रावांना बोलावलं होतं. ते पुढच्या खुर्चीत बसले होते, अंगावर कडक इस्त्रीचं उपरणं. जेवणाआधी मुलगा उठला आणि चार शब्द बोलला. आईचे आभार मानले, कामगारांचे मानले, आणि मग म्हणाला, "आणि आमचे बाबा! लोक मेल पाठवत बसतात, बाबांनी वडा खाता खाता ऑर्डर आणली!" सगळे हसले. टाळ्या झाल्या. मी रावांकडे बघितलं. तेही हसत होते. टाळ्याही वाजवत होते. मला उठून म्हणता आलं असतं की बाबांनी नाही, या समोर बसलेल्या माणसानं आणली. एक वाक्य होतं. मी माझ्या उपरण्याची घडी नीट करत बसलो.

त्यानंतर कधीतरी मी त्यांना विचारलं, तुमचे सभेतले शेजारी काय म्हणतात? राव म्हणाले, "त्यांनी जागा बदलली. दुसऱ्या बाजूस बसतात. तिकडे आवाज बरा येतो म्हणे." मग माझ्याकडे न बघता, "कधीं दिसले तर मान हलवितात. चांगले गृहस्थ."

आवाज दोन्हीकडे सारखाच येतो. हे मला आता माहीत आहे, कारण त्यानंतरच्या हंगामात रावांनी मला फोन करून म्हटलं, "शेजारची खुर्ची रिकामी आहे. भलताच कोणी येऊन घोरत बसेल. त्यापेक्षा तुम्हीच या."

"मला त्यातलं काही कळत नाही हो."

"यंत्रातलें मज कुठें कळत होतें?"

मी गेलो. दोन पूर्ण हंगाम मी त्या खुर्चीत बसलो. खरं सांगतो, माझ्या म्हातारपणातला तो सगळ्यात सुखाचा काळ. अंबत्तूरहून मैलापूरला दुपारीच निघायचो. राव माझ्या मनगटावर बोटानं ताल वाजवून दाखवायचे. मी चुकलो की म्हणायचे, "रेल्वे उशिरा आली." मृदंग सुरू झाला की मी हटकून बसून राहायचो आणि ते मान डोलवून माझ्याकडे बघायचे, जणू मी परीक्षेत पास झालोय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मला एक राग ओळखता आला. त्यांनी आजूबाजूच्या दोघा-तिघांना तमिळमध्ये ते सांगितलं.

मी रोज ठरवून जायचो की आज बोलायचं. गाणं चालू असताना ते ओठांवर बोट ठेवायचे. गाणं संपल्यावर त्यांच्या सूनबाईसाठी बांधून घ्यायच्या वड्यांची घाई. एकदा बसस्टॉपवर मी सुरुवात केली, "राव, त्या दिवशी मी तुम्हाला न विचारता..." आणि ते म्हणाले, "बस आली पहा तुमची." बस खरंच आली होती. मी चढलो. त्यांनी मुद्दाम अडवलं की नाही ते मला सांगता येणार नाही. पण एक बस सोडता आली असती.

गेल्या आडी महिन्यात, म्हणजे इथल्या आषाढात, राव गेले. झोपेत गेले. त्यांच्या मुलानं मला घरच्यांमध्ये उभं केलं, मी खांदा दिला. उपाध्यक्षही आले होते, आता निवृत्त झालेले. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

मी आमच्या घरी सगळ्यांना बसवून हे सांगितलं. सून म्हणाली, "बाबा, आम्ही पाहुण्यांना सांगायचो तेव्हा तरी बोलायचं होतंत." बरोबर आहे तिचं. आता कोणी विचारलं तर मुलगा रावांच्या छत्रीपासून सुरुवात करतो आणि त्या खोक्यापाशी थांबतो. घरातली ती गोष्ट दुरुस्त झाली. पण जे त्यांना सांगायचं होतं ते घरच्यांना सांगून काय होणार?

मला एवढंच म्हणायचं होतं. राव, तुम्ही थांबा म्हणालात आणि मी थांबलो नाही. तुमच्या शब्दावर माझा भरवसा नव्हता, म्हणून मी तुमच्या मित्राकडे तुमचंच नाव सांगत गेलो आणि तुमचा शेजार घालवला. वर त्याची फुशारकी तुमच्या देखत ऐकून घेतली. मला माफ करा.